भेद्यता व्यवस्थापन धोरण

भेद्यता व्यवस्थापन धोरण हा एखाद्या संस्थेने आपल्या संगणक प्रणालींतील सुरक्षाविषयक उणिवा शोधणे, त्यांची गंभीरता ठरविणे, ठरावीक मुदतीत त्या दूर करणे आणि त्या खरोखर दूर झाल्या की नाही हे पडताळणे यासाठी केलेला लेखी नियमसंच होय. ज्या उणिवेचा फायदा घेऊन परका मनुष्य प्रणालीत शिरू शकतो किंवा ती बंद पाडू शकतो, तिला भेद्यता म्हणतात. व्यवहारात 'व्हल्नरेबिलिटी' हाच शब्द अधिक ऐकू येतो. उणीव बुजविण्यासाठी निर्मात्याने दिलेल्या दुरुस्तीस 'पॅच' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ठिगळ असा होतो आणि तो अन्वर्थक आहे, कारण मूळ कापड तेच राहते व फक्त भोक झाकले जाते.

असे धोरण सर्वसाधारणपणे दोन ठिकाणी कसोटीला लागते. गंभीरतेनुसार दिलेल्या मुदतीचे घड्याळ नेमके केव्हा सुरू होते, हे पहिले ठिकाण. 'दुरुस्त झाले' हे कोण आणि कशाच्या आधारे म्हणतो, हे दुसरे. प्रस्तुत लेखात या दोन बाबींचा विचार २०१७ सालच्या एका प्रत्यक्ष उणिवेच्या आणि बुलढाणा जिल्ह्यातील एका काल्पनिक नागरी सहकारी बँकेच्या आधारे केला आहे.

## पार्श्वभूमी

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने MS17-010 ही सुरक्षा सूचना व तिच्याबरोबर पॅच प्रसिद्ध केला. विंडोज संगणक एकमेकांशी फायली व छपाईयंत्रे वाटून घेण्यासाठी जी एसएमबी नावाची पद्धत वापरतात, तिच्या पहिल्या आवृत्तीत ही उणीव होती. ठीक एका महिन्याने, १४ एप्रिल २०१७ रोजी, 'शॅडो ब्रोकर्स' या नावाने वावरणाऱ्या गटाने त्या उणिवेचा फायदा घेणारे 'इटर्नलब्लू' हे साधन जगजाहीर केले. १२ मे रोजी त्याच साधनावर स्वार होऊन 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. २७ जून रोजी 'नॉटपेट्या' आला.

नॉटपेट्याचा उगम युक्रेनमध्ये होता. तेथील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून तो शिरला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात पोहोचला. तेथून त्याचा फटका थेट महाराष्ट्रात बसला. नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहातील कंपनीकडून चालविले जाणारे 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे कंटेनर टर्मिनल या हल्ल्याने विस्कळीत झाले. कोणता कंटेनर कोठे आहे हे सांगणारी संगणकव्यवस्था बंद पडली की बंदराचे काम हाताने करावे लागते आणि बाहेर मालमोटारी तटून राहतात. या हल्ल्यामुळे झालेले आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असावे, असा अंदाज मर्स्कने त्या वर्षी दिला.

पॅच निघाल्यापासून वॉनाक्रायपर्यंत ५९ दिवस होते आणि नॉटपेट्यापर्यंत १०५ दिवस. मुदतीच्या कोष्टकातील आकडे या दोन अंतरांशी ताडून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ कळतो.

भारतात बँकांच्या बाबतीत अशा मुदतींचे एक ठळक उदाहरण म्हणजे रिझर्व्ह बँकेचे जून २०१८ मधील एटीएमविषयक परिपत्रक. विंडोज एक्सपी या प्रणालीस मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता, तरी पुष्कळ एटीएम तिच्यावरच चालत होते. परिपत्रकाने आधार नसलेल्या प्रणालींवरील एटीएमपैकी किमान २५ टक्के सप्टेंबर २०१८ पर्यंत, ५० टक्के डिसेंबरपर्यंत, ७५ टक्के मार्च २०१९ पर्यंत आणि सर्वच्या सर्व जून २०१९ पर्यंत बदलण्यास सांगितले. याच काळात, ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर हल्ल्याद्वारे सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट लागू केली. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने या बँका, त्या देत असलेल्या डिजिटल सेवांनुसार, चार स्तरांत विभागल्या. मेहकर किंवा नांदुऱ्याच्या बँकेलाही लेखी धोरण का लागते, याचे उत्तर या परिपत्रकांत आहे.

## गंभीरतेचे मोजमाप

उणिवेची गंभीरता बहुधा सीव्हीएसएस या गुणांकनपद्धतीने सांगितली जाते. ही पद्धत 'फर्स्ट' ही आंतरराष्ट्रीय संस्था सांभाळते. ०.१ ते ३.९ गुण म्हणजे सौम्य, ४.० ते ६.९ मध्यम, ७.० ते ८.९ उच्च आणि ९.० ते १०.० अतिगंभीर.

या गुणांवर विसंबून मुदत ठरविण्यातील धोका MS17-010 मध्येच दिसतो. तिच्यातील CVE-2017-0144 या उणिवेस मायक्रोसॉफ्टने 'क्रिटिकल' ठरविले होते, परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय भेद्यता विदागाराने तिसऱ्या आवृत्तीच्या पद्धतीने तिला ८.१ गुण दिले. म्हणजे जगभर हाहाकार उडविणारी उणीव कोष्टकात 'अतिगंभीर' नव्हे, तर 'उच्च' या रकान्यात बसली. याचे कारण असे की मूळ गुण उणिवेचे स्वरूप सांगतात. तिच्यासाठी तयार हत्यार बाजारात आले आहे की नाही आणि आपल्या कार्यालयात ती कोठे आहे, हे सांगत नाहीत. परीक्षेतील गुणांवरून मुलाचा अभ्यास कळतो, प्रकृती कळत नाही, तसेच हे.

म्हणून चांगले धोरण गुणांपासून सुरुवात करते आणि दोन प्रश्नांनी ते खालीवर सरकवते. उणिवेचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झाला आहे काय? आणि ते यंत्र इंटरनेटवरून गाठता येते काय? अमेरिकेच्या 'सिसा' या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये आपल्या केंद्रीय कार्यालयांना इंटरनेटवरून दिसणाऱ्या यंत्रांतील अतिगंभीर उणिवांसाठी १५ व उच्च उणिवांसाठी ३० दिवस दिले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या उणिवांची वेगळी यादी सुरू केली आणि त्या यादीतील नव्या उणिवांना, गुण कितीही असोत, साधारणतः दोन आठवड्यांची मुदत लावली. भारतात संगणक आणीबाणी प्रतिसाद पथक, म्हणजे 'सर्ट-इन', उणिवांविषयी सूचना प्रसिद्ध करते. लहान बँकेस रोज पाहण्यासाठी ते संकेतस्थळ पुरेसे सोपे आहे.

## मुदतीचे कोष्टक

समजा, बुलढाणा येथे मुख्य कार्यालय आणि चिखली, मेहकर, लोणार, खामगाव, मलकापूर आदी ठिकाणी शाखा असलेली एक नागरी सहकारी बँक आहे. तिच्याकडे सुमारे १४० संगणक, सहा सर्व्हर आणि नऊ एटीएम आहेत, आणि संगणक विभागात तीन माणसे आहेत. तिच्यासाठी पुढील कोष्टक वाजवी ठरेल.

| गंभीरता | इंटरनेटवरून दिसणारी यंत्रे | अंतर्गत यंत्रे |
|---|---|---|
| गैरवापर सुरू असलेली (गुण कितीही) | ४८ तास | ७ दिवस |
| अतिगंभीर | ७ दिवस | १५ दिवस |
| उच्च | १५ दिवस | ३० दिवस |
| मध्यम | ६० दिवस | ९० दिवस |
| सौम्य | १८० दिवस | पुढील नियमित देखभालीत |

हे आकडे कायद्याने ठरलेले नाहीत. तीन माणसांना जे पाळता येणार नाही ते कोष्टकात लिहू नये. ४८ तासांची मुदत लिहून दरवेळी ती चुकविणारी बँक तपासणीत अधिक अडचणीत येते, कारण तिने स्वतःच्याच नियमाचा भंग केलेला असतो.

## घड्याळ केव्हा सुरू होते

'३० दिवस' या शब्दांना आरंभबिंदू नसेल तर काहीच अर्थ नाही. आरंभ तीन प्रकारे धरता येतो: पॅच प्रसिद्ध झाल्यापासून, आपल्या तपासणीत उणीव आढळल्यापासून, किंवा तपासणीचा अहवाल संबंधितास मिळाल्यापासून. अमेरिकेतील २०१५ च्या आदेशात अहवाल मिळाल्यापासून मोजणी होती. २०१९ च्या आदेशाने ती प्रथम आढळल्यापासून केली, कारण अहवाल पोहोचेपर्यंतचे दिवस हिशेबातून गळत होते.

आता वर दिलेली बँक २०१७ साली होती आणि तिने 'उच्च, अंतर्गत: ३० दिवस' हा नियम काटेकोर पाळला असे मानू. पॅचच्या दिवसापासून मोजल्यास तिची मुदत १३ एप्रिलला संपते. इटर्नलब्लू जगजाहीर होण्याच्या अगदी आदल्या दिवशी ती सुरक्षित होते.

मोजणी आढळल्यापासून असेल आणि तपासणी दर महिन्याच्या ५ तारखेस होत असेल, तर उणीव ५ एप्रिलला आढळते आणि मुदत ५ मे रोजी संपते. वॉनाक्रायला एक आठवडा बाकी असतो. येथे बँक वाचते, परंतु मधले तीन आठवडे हत्यार बाजारात असताना ती उघडी राहिलेली असते. १४ एप्रिलनंतर 'गैरवापर सुरू' हा रकाना लागू करून मुदत २१ एप्रिलवर आणणे, हे धोरणातील त्या पहिल्या ओळीचे काम आहे. मुदत पुढे ओढण्याची तरतूद नसेल तर ती ओळ निरुपयोगी ठरते.

तिसरा प्रकार सर्वांत बोलका आहे. तपासणी तिमाही असेल आणि ती १ मार्च व १ जून रोजी झाली, तर १ मार्चला पॅचच नव्हता, म्हणून अहवालात काही नाही. १ जूनला उणीव आढळते आणि मुदत १ जुलैला संपते. वॉनाक्राय १२ मे रोजी येऊन गेला आहे आणि नॉटपेट्या २७ जूनला येतो. दोन्ही वेळी बँक उघडी, आणि दोन्ही वेळी तिने धोरणाचे एकही कलम मोडलेले नाही. मुदत आणि तपासणीची वारंवारता ही एकाच वाक्यात लिहावी लागतात ती यामुळे. प्रत्यक्षात उणीव उघडी राहण्याचा कमाल काळ म्हणजे दोन तपासण्यांमधील अंतर अधिक मुदत होय. तिमाही तपासणी आणि ३० दिवस यांची बेरीज सुमारे १२० दिवस होते, ३० नव्हे.

यावर लहान संस्थेस परवडणारा उपाय असा की सर्व यंत्रांची यादी अद्ययावत ठेवावी आणि सूचना प्रसिद्ध झाल्या दिवशीच त्या यादीशी ताडून घड्याळ सुरू करावे. तपासणीची वाट पाहू नये. त्यासाठी कोणत्या संगणकावर कोणती प्रणाली आहे हे ठाऊक असावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी काम येथेच अडते.

## शाखांमधील अडचणी

दुरुस्ती पाठविणे व ती पोहोचणे यांत अंतर असते. विंडोजचा मासिक पॅच शेकडो मेगाबाइटचा असू शकतो. लोणार किंवा संग्रामपूरसारख्या ठिकाणच्या शाखेत पंधरा संगणक एकाच वेळी तो इंटरनेटवरून उतरवू लागले तर काउंटरवरचे काम थांबते. म्हणून मुख्य कार्यालयात डब्ल्यूएसयूएस हा मायक्रोसॉफ्टचा वितरण सर्व्हर ठेवून पॅच एकदाच उतरवितात आणि शाखांना कामाच्या वेळेबाहेर पुरवितात. पण कामाच्या वेळेबाहेर शाखेचा मुख्य स्विचच बंद केलेला असतो. विजेची बचत आणि आगीची भीती ही दोन्ही कारणे रास्त असल्याने शाखाधिकाऱ्यास दोष देता येत नाही. धोरणातच 'महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी रात्री संगणक चालू ठेवावेत' असे लिहावे लागते. मायक्रोसॉफ्टचे नियमित पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या वेळेनुसार, निघतात. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते.

आधी मुख्य कार्यालयातील चार-पाच संगणकांवर व एका शाखेत पॅच लावून बँकिंग सॉफ्टवेअर, पासबुक छापणारे यंत्र आणि धनादेश स्कॅनर चालतात का हे दोन दिवस पाहावे, मग सर्वत्र सोडावे. पासबुक छपाईयंत्र बंद पडले की त्या शाखेतून पुढच्या महिन्यापासून पॅचला विरोध सुरू होतो. हा चाचणीचा काळ मुदतीतच धरावा.

## दुरुस्तीची पडताळणी

पडताळणीचे पुरावे तीन प्रतींचे असतात आणि त्यांची किंमत सारखी नसते. शाखेतून आलेला 'पॅच लावला' हा निरोप सर्वांत हलका. संगणकावर त्या पॅचची नोंद आहे, हा त्याहून बरा. उणीव आता त्या यंत्रात आढळत नाही, हा खरा पुरावा.

दुसऱ्या प्रतीचा पुरावा फसवा कसा ठरतो, हे MS17-010 वरूनच सांगता येते. विंडोज ७ साठी हा पॅच KB4012212 या क्रमांकाने निघाला. संगणकावर तो आहे की नाही हे पुढील आज्ञेने पाहता येते:

```
Get-HotFix -Id KB4012212
```

उत्तर 'नाही' आले तर उणीव शिल्लक आहेच असे नाही. त्याच महिन्याच्या एकत्रित पॅचचा क्रमांक वेगळा, KB4012215, होता आणि पुढील महिन्यांच्या एकत्रित पॅचमध्येही तीच दुरुस्ती सामावलेली होती. एकाच क्रमांकाच्या शोधामुळे धडधाकट संगणक आजारी ठरतात. उलट, उत्तर 'होय' आले तरी संगणक पुन्हा सुरू केलेला नसेल तर स्मृतीत जुनाच कोड चालू असतो. नोंद नवी, यंत्र मात्र अजून भेद्य. शाखेतील संगणक 'स्लीप' अवस्थेत ठेवण्याची सवय असेल तर ही स्थिती आठवडाभरही टिकते. म्हणून पॅचच्या नोंदीबरोबर शेवटच्या पुनःप्रारंभाची तारीखही पाहावी. ती पॅचच्या तारखेनंतरची असली पाहिजे.

तिसऱ्या प्रतीचा पुरावा बाहेरून विचारून मिळतो. 'एनमॅप' या मुक्त साधनात या उणिवेसाठी तयार स्क्रिप्ट आहे:

```
nmap -p 445 --script smb-vuln-ms17-010 192.168.10.0/24
```

उणीव असलेल्या यंत्रापुढे VULNERABLE असा शब्द येतो. परंतु हा शब्द न येणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. यंत्र बंद असेल, मध्ये फायरवॉल असेल, किंवा जोडणीच नाकारली गेली असेल, तरीही तो शब्द येत नाही. पडताळणीचा निकाल म्हणून 'दुरुस्त', 'उणीव शिल्लक' आणि 'तपासता आले नाही' असे तीन रकाने ठेवावेत. तिसरा रकाना पहिल्यात मिळविणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य लबाडी आहे, आणि ती बहुधा न कळत होते. व्यावसायिक तपासणी साधनांचेही तसेच. त्यांना संगणकात आत शिरून पाहण्यासाठी दिलेला पासवर्ड बदललेला असला की ते बाहेरूनच पाहून परततात व अहवाल अचानक स्वच्छ दिसू लागतो. मागील महिन्यात ३०० आणि या महिन्यात १२ उणिवा दिसल्या तर आनंद मानण्याआधी किती यंत्रांत प्रवेश यशस्वी झाला हा आकडा पाहावा. अशी तपासणी केवळ स्वतःच्या जाळ्यावर आणि लेखी परवानगीनेच करता येते. दुसऱ्याच्या प्रणालीत विनापरवाना शिरल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ची कलमे लागतात.

समजा, मुदतीच्या शेवटी १४० पैकी १३१ संगणक 'दुरुस्त', दोन 'उणीव शिल्लक' आणि सात 'तपासता आले नाही' असा निकाल आला. अहवालात ९४ टक्के पूर्तता दिसते. मात्र नॉटपेट्या केवळ एसएमबीच्या उणिवेतून पसरत नव्हता. शिरलेल्या संगणकाच्या स्मृतीतून तो वापरकर्त्यांचे पासवर्ड काढी आणि विंडोजच्याच व्यवस्थापन साधनांनी दुरुस्त संगणकांतही जाई. राहिलेल्या नवांपैकी एकावर मुख्य व्यवस्थापकाचा पासवर्ड वापरलेला असेल तर उरलेल्या १३१ च्या पॅचचा उपयोग होत नाही. म्हणून टक्केवारीबरोबर राहिलेल्या यंत्रांची नावे व जागा संचालक मंडळापुढे जावीत, आणि जे यंत्र तपासता आले नाही ते जाळ्यातून तोडावे किंवा त्याची मुदत चालूच आहे असे धरावे.

पडताळणी करणारा पॅच लावणाऱ्याहून वेगळा असावा. तीन माणसांच्या विभागातही हे जमते. एकाने लावावे, दुसऱ्याने तपासावे. पडताळणीत उणीव पुन्हा आढळली तर जुनीच नोंद उघडावी व जुनेच घड्याळ चालू ठेवावे. नवी नोंद केली की नवे ३० दिवस मिळतात आणि एकच उणीव वर्षभर 'मुदतीत' राहू शकते. बंद झालेली उणीव परत येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे जुनी मूळ प्रत. एखादा संगणक बिघडतो, पुरवठादार जुन्या प्रतीवरून विंडोज पुन्हा टाकून देतो आणि दोन वर्षांचे पॅच एका दुपारी नाहीसे होतात. दुरुस्तीहून परतलेले यंत्र तपासल्याशिवाय जाळ्यास जोडू नये, हे कलम यासाठी असते.

## अपवाद

काही उणिवा मुदतीत दूर करता येत नाहीत. बँकिंग सॉफ्टवेअरचा पुरवठादार नव्या प्रणालीस मान्यता देत नाही, किंवा एटीएम भाड्याचे असते आणि त्याच्या आत हात घालण्याचा बँकेला अधिकारच नसतो. अशा वेळी लेखी अपवाद देतात. त्यात यंत्र, उणीव, कारण, तोपर्यंतचा पर्यायी बंदोबस्त आणि अपवाद संपण्याची तारीख असते. तारीख नसलेला अपवाद कायमचा होतो. स्वाक्षरी संगणक विभागाच्या प्रमुखाची नव्हे, तर ज्याच्या कामाचे नुकसान होणार आहे त्या अधिकाऱ्याची घ्यावी.

MS17-010 च्या बाबतीत पर्यायी बंदोबस्त उपलब्ध होता. एसएमबीची पहिली आवृत्तीच बंद करता येत असे. नव्या विंडोज प्रणालींवर त्याची आज्ञा अशी:

```
Set-SmbServerConfiguration -EnableSMB1Protocol $false
```

पण काही जुनी छपाईयंत्रे व स्कॅनर याच आवृत्तीवर अवलंबून असतात, त्यामुळे तीही आधी एका शाखेत करून पाहावी लागते. ज्या यंत्रांवर तीही चालत नाही, त्यांचे ४४५ क्रमांकाचे द्वार शाखेच्या फायरवॉलवर इतरांसाठी बंद ठेवतात. पर्यायी बंदोबस्ताचीही पडताळणी वर सांगितल्याप्रमाणेच करावयाची असते. ती शेजारच्या शाखेतील संगणकावरून करतात, कारण त्याच यंत्रावरून पाहिल्यास मधला फायरवॉल आड येतच नाही.